माफीचे शुद्धिपत्र

प्रश्न: मी पुण्यातल्या एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशन संस्थेत अकरा वर्षे संपादन विभागात आहे. जूनमध्ये नववीच्या गणिताच्या सराव पुस्तिकेत मागच्या वर्षीची उत्तरसूची छापली गेली. शेवटचे प्रूफ मीच पास केले होते. गुरुवारी संध्याकाळी ते लक्षात आल्यावर मी फक्त शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला सांगितले. नऊ वर्षांची मैत्री. "सर सोमवारी गावाहून आले की मी स्वतः सांगणार आहे, गठ्ठे मंगळवारपर्यंत गोडाउनमधून हलणार नाहीत," हेही सांगितले. त्याने शुक्रवारी सरांना फोन करून "मला चूक सापडली" असे कळवले. ऑगस्टमध्ये विभागप्रमुखपद त्याला मिळाले. आता पाच महिन्यांनी कॅन्टीनमध्ये म्हणतो, "सॉरी, तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर, जे झालं ते झालं." सगळे म्हणतात, माणूस माफी मागतोय ना, सोडून दे. चूक मुळात माझीच, मग मला राग धरायचा हक्क आहे का? आणि माफ केले तर पूर्वीसारखा विश्वासही ठेवावा लागेल का?

उत्तर:

मी जवळजवळ तीस वर्षे पदवीच्या मुलांना नीतिशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या काही कार्यालयांमध्ये, बोलावणे आले तर, सहकाऱ्यांमधले तंटे ऐकून घेण्याचे काम करते. तुमच्या प्रकरणात सर्वांत अवघड जागा माफीच्या आधीच येते. ज्या फोनचा तुम्हाला राग आहे तो खरोखर विश्वासघात होता का, हे आधी पाहायला हवे, कारण तुमच्या सहकाऱ्याच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे आणि तो कोणीतरी केव्हातरी तुमच्या तोंडावर फेकणारच आहे. तो मुद्दा असा की त्यांनी सरांना जे सांगितले ते खरे होते. चुकीची उत्तरे शाळांमध्ये गेली असती, मुलांनी बरोबर सोडवलेली गणिते खोडली असती, आणि संस्थेचा पगार घेणाऱ्या माणसाने हे कळल्यावर गप्प बसणे योग्य नव्हते. खरे बोलणे हा दगा कसा असेल?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी 1956 मध्ये एका व्याख्यानात समर्थन आणि सबब यांच्यातला फरक मोठ्या नेमकेपणाने दाखवला होता. समर्थन करणारा माणूस म्हणतो की हे मी केले, पण त्यात वाईट काहीच नव्हते. सबब सांगणारा म्हणतो की ते वाईट होते खरे, पण दोष पूर्ण माझा नव्हे. शुक्रवारच्या फोनचे समर्थन करायचे असेल तर गठ्ठे शनिवारीच निघणार होते आणि तुमच्याशी संपर्क होत नव्हता, असे काहीतरी दाखवावे लागेल. तसे काही नव्हते. मंगळवारची तारीख तुम्ही त्यांना स्वतः सांगितली होती, आणि समजा ती त्यांना खात्रीची वाटली नसेल, तर तुम्हाला एक फोन करून "सोमवारपर्यंत थांबू नकोस, आत्ता सांग, नाहीतर मला सांगावे लागेल" एवढे म्हणता आले असते. असल्या प्रकरणात मी हीच कसोटी लावते. ज्याला संस्थेच्या हिताची काळजी असते तो आधी त्या माणसाकडे जातो आणि मग वर जातो. शिवाय "चूक आहे" एवढेच सांगून ते थांबले नाहीत, "मला सापडली" असे म्हणाले, आणि त्या "मला"चे समर्थन कोणत्याही तारखेने होणार नाही. त्या फोनमध्ये दोन कृती होत्या. बातमी देण्याबद्दल वाद होऊ शकतो. ती आपल्या नावावर देणे हे सरळ खोटे होते.

हे खोटे बोलून त्यांनी तुमच्याकडून नेमके काय नेले? पद नेले असे तुम्हाला वाटत असेल, पण पद कदाचित त्यांनाच मिळाले असते. ते आपल्याला ठरवता येणार नाही. त्यांनी नेली ती तुमची कबुली. सोमवारी तुम्ही सरांसमोर उभ्या राहून "हे माझ्या हातून निसटले" असे म्हणाला असता, तर तुम्ही चूक करणारी आणि ती स्वतः पुढे आणणारी, अशी दोन्ही माणसे एकाच वेळी असता. शुक्रवारच्या फोनने तुमच्या वाट्याला फक्त पहिले माणूस ठेवले. यानंतर तुम्ही कितीही प्रामाणिकपणे बोललात तरी ते पकडले गेल्यावरचे बोलणे ठरते. स्वतःची चूक स्वतः सांगण्याची संधी ही नैतिक जगातली मोठी मौल्यवान वस्तू आहे, कारण ती एकदाच मिळते आणि तिच्यावाचून चुकीतून मान राखून बाहेर पडायचा दुसरा रस्ता नसतो. तुमच्या मनाला जे मानवत नाही ते बहुधा हेच आहे. पदाच्या नुकसानीत ते बसत नाही म्हणून तुम्हाला ते नीट सांगताही येत नाही आणि बाकीच्यांना ते दिसतही नाही.

विश्वासघात हा शब्द इथे का लागू पडतो, तेही पाहू. ॲनेट बायर या तत्त्वज्ञ स्त्रीने 1986 मध्ये विश्वासावर एक निबंध लिहिला आणि त्यात विसंबणे आणि विश्वास ठेवणे यांत भेद केला. आपण लिफ्टवर विसंबतो, बसच्या वेळेवर विसंबतो. त्या फसल्या तर आपली गैरसोय होते, निराशा होते. विश्वास ठेवतो तेव्हा मात्र आपण आपली एखादी जपायची वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो आणि ती कशी सांभाळायची हे त्याच्या समजुतीवर सोडतो, म्हणजेच आपल्याला इजा करण्याची ताकद आपणच त्याला देतो. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही नेमके हे केलेत. म्हणून पाचव्या टेबलावरच्या कोणी प्रूफ चाळताना ती चूक स्वतः शोधून सरांना सांगितली असती, तर तुम्हाला वाईट वाटले असते, पण दगा झाला असे वाटले नसते. त्यांच्या हातात जे शस्त्र होते ते तुम्ही दिलेले होते.

आता तुमचा पहिला प्रश्न: चूक माझी, मग राग धरायचा हक्क मला आहे का? आहे, आणि पूर्ण आहे. दोन वेगळी खाती आपण एकाच पानावर लिहितो, म्हणून हा गोंधळ होतो. उत्तरसूचीबद्दल तुम्ही संस्थेच्या आणि त्या मुलांच्या देणेकरी आहात; सहकाऱ्याच्या देणेकरी नाही. त्यांनी जे केले त्याबद्दल ते तुमचे देणेकरी आहेत, आणि तुमचे संस्थेकडचे देणे त्यात वळते करून घेता येत नाही. राग म्हणजे मनाचा कोतेपणा अशी आपल्याकडे सर्रास समजूत आहे, विशेषतः बायकांच्या रागाबद्दल. जोसेफ बटलर या इंग्लिश धर्मोपदेशकाने 1726 मध्ये छापलेल्या प्रवचनांमध्ये या समजुतीला चांगले उत्तर दिले आहे. अन्यायाबद्दल वाटणारा संताप मुळात दोष नव्हे, तो माणसाला माणसाशी बांधून ठेवणारा एक धागा आहे. दोष येतो तो संताप खऱ्या इजेपेक्षा वाढू लागला किंवा सूड घेऊ लागला की, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे ब्रिटिश तत्त्वज्ञ पीटर स्ट्रॉसन यांनी 1962 मध्ये या विचाराला आणखी धार दिली. आपण पावसावर रागावत नाही, माणसावर रागावतो, कारण त्याच्याकडून आपण सदिच्छेची अपेक्षा करतो आणि त्याला जबाबदार समजतो. या अर्थाने तुमचा राग हा तुमच्या सहकाऱ्याला अजून माणूस म्हणून मोजण्याचाच एक प्रकार आहे. ज्या दिवशी तुम्ही "असल्यांकडून दुसरे काय होणार" म्हणाल, त्या दिवशी तुम्ही त्यांना हिशेबातून काढून टाकलेले असेल.

बटलर यांची मर्यादा मात्र विसरू नका. तो राग शुक्रवारच्या फोनएवढाच आहे की आता त्यांचा डबा, त्यांची बोलण्याची लकब, त्यांच्या मुलीचे मार्क्स असे सगळे त्यात येऊ लागले आहे, हे तुमचे तुम्हालाच कळेल.

कॅन्टीनमधल्या वाक्याकडे येऊ. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर, जे झालं ते झालं." या वाक्यात माफी हा शब्द आहे, माफीचे काम मात्र त्यात कुठेही नाही. आपल्या भाषेत दिलगिरी आणि माफी असे दोन शब्द आहेत आणि त्यांत खरा फरक आहे. दिलगिरी व्यक्त करता येते. पाहुण्यांना यायला उशीर झाला तर निवेदकही ती व्यक्त करतो, कारण दिलगिरी म्हणजे एखाद्या गोष्टीचे वाईट वाटणे, ती आपण केलेली असो वा नसो. माफी मात्र मागावी लागते, म्हणजे समोरच्याकडे काहीतरी आहे आणि ते देणे न देणे त्याच्या हाती आहे, हे त्या क्रियापदातच मान्य केलेले असते. मराठी व्याकरण पळवाटाही भरपूर ठेवते. "चूक झाली" या वाक्यात कर्ता नाही. "माझ्याकडून चूक झाली" यात तो आहे, पण चूक जणू त्याच्यातून वाट काढून गेली. "मी तुझा भरवसा मोडला" हे वाक्य उच्चारायला जीभ किती जड होते ते करून पाहावे. "जे झालं ते झालं" तर एखाद्या वादळाबद्दल बोलावे तसे आहे, आणि "वाईट वाटलं असेल तर" यातल्या "तर"ने सगळा प्रश्न तुमच्या हळव्या स्वभावावर ढकलला आहे.

हे मी शिकले ते पुस्तकातून नव्हे. नोकरीत असताना विभागाच्या एका बंद दाराआडच्या बैठकीत एका सहकाऱ्याबद्दल झालेली चर्चा मी बाहेर बोलले आणि ती त्यांच्यापर्यंत पोचली. मी त्यांना गाठून म्हटले, "तुम्हाला लागलं असेल तर मला माफ करा." ते शांतपणे म्हणाले, "असेल तर?" आणि स्टाफरूममधून निघून गेले. रात्रभर मला त्यांचाच राग येत होता. माफी मागूनही हा माणूस ऐकत नाही, असे वाटत होते. आपण काहीच मागितले नव्हते हे कळायला मला दोन-तीन आठवडे लागले. तुमच्या सहकाऱ्यालाही आज खरोखरच असे वाटत असेल की आपण आपले काम केले आणि आता चेंडू तुमच्याकडे आहे. त्यांच्या वाक्याला कमअस्सल ठरवताना त्यांना ढोंगी ठरवण्याची गरज नाही.

मग अस्सल माफी कशी असते? तुमच्याच धंद्यातले उदाहरण घेते. शुद्धिपत्रात पान, ओळ, अशुद्ध आणि शुद्ध असे रकाने असतात. "या पुस्तकात काही चुका राहिल्या असल्यास वाचकांनी समजून घ्यावे" असे छापले तर ते शुद्धिपत्र होत नाही, कारण वाचकाच्या हातातले उत्तर चुकीचेच राहते. शिवाय शुद्धिपत्र ज्या प्रतींमध्ये चूक गेली त्याच प्रतींमध्ये घालावे लागते. संपादकाच्या खणात ठेवून चालत नाही. तुमच्या प्रकरणातली माफी या रकान्यांत भरायची तर अशी होईल: "गुरुवारी तू मला विश्वासाने सांगितलंस. तू स्वतः सोमवारी सांगणार होतीस हे मला माहीत होतं. तरी मी शुक्रवारी तुला न विचारता सरांना फोन केला, आणि चूक मला सापडली असं खोटं सांगितलं, कारण मला त्या पदाच्या वेळी त्याचा उपयोग होईल असं वाटलं. चूक तूच शोधली होतीस आणि तूच सांगणार होतीस. हे मी सरांना सांगणार आहे." यात अशुद्ध काय आणि शुद्ध काय, दोन्ही आहेत. कारणही आहे, पण ते सबब म्हणून आलेले नाही. आणि शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण चुकीची प्रत सरांच्या हातात आहे, तुमच्या नव्हे. तुम्हाला तर खरे काय ते पहिल्यापासून माहीत आहे. तुमच्या एकटीच्या कानात मागितलेली माफी, ती कितीही मनापासून असली, तरी हे नुकसान भरून काढू शकत नाही.

त्यांनी पद सोडावे का, असे मला कोणी विचारले तर मी लगेच हो म्हणणार नाही. खरे समोर आल्यावर त्या पदाचे काय करायचे हा निर्णय सरांचा आहे. सांगितल्यामुळे पद धोक्यात येईल हे कळत असून सांगणे एवढी किंमत त्यांनी मोजली, तर माफीचे वजन सिद्ध होते. माफीला किंमत लागते ती शिक्षा म्हणून नव्हे. फुकटचे शब्द आणि खरे शब्द ऐकायला सारखेच लागतात, म्हणून ती लागते.

महाभारतात वनपर्वात द्रौपदी युधिष्ठिराला प्रल्हाद आणि बळी यांचा संवाद ऐकवते, तो इथे फार कामाचा आहे. नेहमी उग्रपणा चांगला नाही आणि नेहमी क्षमाही चांगली नाही, असे प्रल्हाद नातवाला सांगतो आणि मग कोणाला केव्हा क्षमा करावी याची चक्क प्रकरणे पाडतो. ज्याने पूर्वी उपकार केले आहेत त्याचा अपराध त्या उपकारांसाठी सोसावा, अजाणता केलेला अपराध सोसावा, पहिला अपराध प्रत्येकाचा सोसावा. पण जो जाणूनबुजून अपराध करतो आणि वर "न कळत झाले" म्हणतो, त्याचा अपराध लहान असला तरी सोसू नये. शिक्षेची जी भाषा तिथे आहे ती राजाची आहे, आपण ती सोडून देऊ. तुमच्या बाबतीत मात्र पहिली आणि शेवटची ही दोन्ही कलमे एकाच माणसाला लागू होतात, आणि म्हणूनच तुम्ही अडकल्या आहात. नऊ वर्षांत त्यांनी तुमच्यासाठी काही केलेच असेल आणि त्याचा मान ठेवलाच पाहिजे. त्यांनी खरे नाव घेऊन अपराध मान्य केला, तर शेवटचे कलम आपोआप गळून पडते आणि पहिले उरते. "जे झालं ते झालं" म्हणत राहिले तर ते स्वतःच स्वतःला शेवटच्या कलमात बसवतात.

आता क्षमेकडे. "सोडून दे" म्हणणारे सहकारी तुम्हाला क्षमा करायला सांगत नाहीत, विसरायला सांगतात. ऑरेल कोलनाई या हंगेरीत जन्मलेल्या तत्त्वज्ञाने क्षमेपुढे एक पेच टाकला होता. अपराध करणारा बदललेला नसेल, तर त्याला क्षमा करणे म्हणजे अपराधाकडे डोळेझाक. आणि तो पूर्ण बदललेला असेल, तर क्षमा करायला उरले काय? या पेचातून मला पटलेली वाट तत्त्वज्ञ पामेला हिरोनिमी यांनी 2001 मध्ये एका लेखात दाखवली. त्यांचे म्हणणे असे की अपराध होऊन गेला तरी तो एक दावा मागे ठेवून जातो: या माणसाशी असे वागले तरी चालते. राग म्हणजे त्या दाव्याला दिलेला नकार. करणाराच जेव्हा तो दावा जाहीरपणे मागे घेतो तेव्हा नकार चालू ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि मग राग सोडताना आपल्याला स्वतःची किंमत कमी करावी लागत नाही, किंवा जे झाले ते वाईट नव्हते असेही म्हणावे लागत नाही. तुमचे मन मानत नाही यात तुमचा हट्ट नाही. दावा अजून उभा आहे आणि तुम्हाला तो दिसतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. कॅन्टीनमधल्या बाकीच्यांना तो दिसत नाही, कारण तो त्यांच्याविरुद्ध केलेला नाही. याच कारणाने तुमच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे नाही.

पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळात ज्या परंपरेची प्रार्थना होते त्या यहुदी परंपरेत हा नियम स्पष्ट लिहिलेला आहे. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस माणसाने देवाचे केलेले अपराध धुतो. माणसाने माणसाचे केलेले अपराध मात्र, त्या माणसाची समजूत घातल्याखेरीज, धुतले जात नाहीत. बाराव्या शतकातले यहुदी धर्मपंडित मायमोनिडीज यांनी पुढे असेही लिहिले की खरोखर मागणाऱ्याला आढेवेढे न घेता क्षमा करावी, आणि त्याने तीनदा मागूनही न देणारा स्वतःच दोषी ठरतो. आपल्याकडे पर्युषणाच्या शेवटी जैन मित्रांकडून "मिच्छामि दुक्कडम्" असे निरोप येतात, तेव्हा कळत-नकळत झालेल्या सगळ्याची एकत्र क्षमा मागितली जाते. ती सुंदर रीत आहे, पण तिच्या आधी आलोचनेत आपले दोष आठवून नाव घेऊन सांगायचे असतात, हे निरोप पुढे ढकलणारे पुष्कळदा विसरतात. अख्ख्या गावाला पाठवलेला निरोप एका शुक्रवारच्या फोनची जागा घेऊ शकत नाही.

मायमोनिडीज यांच्या तीनाच्या आकड्याला मी कायद्यासारखी चिकटून राहणार नाही. माझे मत असे की नीट भरलेले शुद्धिपत्र तुमच्यापुढे आले, तर क्षमा हे तुमचे कर्तव्य होत नाही, कारण जे हक्काने वसूल करता येते ती क्षमा नसते. पण त्यानंतर ती अडवून धरायला मग वेगळे कारण लागेल, आणि "मला अजून वेळ हवा" हे चांगले कारण आहे. "त्यांना थोडे झुरू दे" हे नाही.

एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, पण मी ती सोडणार नाही. ते आता विभागप्रमुख आहेत, म्हणजे तुमच्या कामाचा वार्षिक अहवाल बहुधा तेच लिहितील. वरच्या जागेवरून आलेल्या माफीला नाही म्हणणे सोपे नसते, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या हो म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. कॅन्टीनमध्ये चार लोकांसमोर मागितलेली माफी तर बरेचदा तुम्हाला कोपऱ्यात गाठण्यासाठीच असते, मागणाऱ्याच्या मनात तसे नसले तरी. म्हणून त्या दिवशी तुम्ही काही बोलला नसाल तर चांगलेच केलेत, आणि "बरं, ठीक आहे" असे म्हणाला असाल, तरी तो शब्द तुमच्यावर बंधनकारक आहे असे समजू नका.

विश्वासाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो क्षमेला बांधला म्हणून पुष्कळ लोक क्षमेलाच घाबरतात. क्षमा मागे पाहते. तिचा विषय झालेला अपराध आहे. विश्वास पुढे पाहतो. हा माणूस पुन्हा तशाच प्रसंगात काय करील, हा त्याचा विषय आहे. एखाद्याला पूर्ण क्षमा करून आपली गुपिते त्याला पुन्हा कधीच न सांगणे यात कसलीही विसंगती नाही. खऱ्या पश्चात्तापाची मायमोनिडीज यांनी दिलेली खूण इथे उपयोगी पडते: तोच प्रसंग पुन्हा यावा, तेच करण्याची ताकद अंगात असावी, आणि तरी माणसाने ते करू नये. असा प्रसंग मुद्दाम आणता येत नाही आणि आणूही नये. सहकाऱ्याला सापळा लावणे हा दुसरा दगा होईल. पण कार्यालयात लहान प्रसंग येतच राहतात. दुसऱ्या कोणाची चूक त्यांच्या कानावर आली तर ते आधी त्या माणसाकडे जातात का? बैठकीत तुमचे काम मांडताना तुमचे नाव घेतात का? सहा महिने असे पाहा आणि विश्वास तेवढाच ठेवा जेवढा त्या पाहण्यात निघेल. कामापुरता विश्वास परत येईल आणि गुरुवार संध्याकाळचा येणार नाही, हे अगदी शक्य आहे. तुमच्या नात्यात तो न येणे हे क्षमेचे अपयश समजू नये.

आणि शुद्धिपत्र आलेच नाही तर? तत्त्वज्ञ मार्गारेट अर्बन वॉकर यांनी 2006 मधल्या त्यांच्या ग्रंथात नैतिक डागडुजीचे काम फक्त दोघांवर सोडलेले नाही. ज्या समूहात अपराध घडला त्या समूहावरही ती जबाबदारी टाकली आहे, कारण तो समूह गप्प राहिला तर अपराधाचा दावा तो स्वतःच मान्य करतो. तुमच्याकडे तो समूह म्हणजे सर. चूक कोणाला सापडली याची नोंद त्यांच्या मनात चुकीची आहे आणि ती दुरुस्त करण्याचा तुम्हाला हक्क आहे. आधी मात्र सहकाऱ्याला एकांतात, कॅन्टीनबाहेर, सरळ सांगा: "तुम्ही माफी मागितलीत ते मी ऐकलं. मला वाईट वाटलं हा मुद्दा नाही. सरांना जे सांगितलं ते खरं नव्हतं, आणि ते तुम्ही सरांना सांगावं असं मला वाटतं." एवढेच. पदाचा उल्लेख नको, मागच्या वर्षांचा हिशेब नको. त्यांना पंधरा-वीस दिवस द्या. बहुतेक माणसे पहिल्या दिवशी चिडतात आणि दहाव्या दिवशी विचार करतात. मलाही तेवढेच लागले होते.

दरम्यान एक काम त्यांच्यावर अवलंबून नाही. सोमवारची तुमची कबुली अजून बाकीच आहे. चूक कळली, पुस्तिका दुरुस्त झाल्या असतील, तरी "शेवटचे प्रूफ मी पास केले, उत्तरसूची कोणत्या वर्षाची आहे ते पाहिले नाही, पुढच्या वेळी सूचीवरचे वर्ष मुखपृष्ठाशी ताडून मगच सही करीन" हे तुमच्या तोंडून सरांनी ऐकलेले नाही. उशिरा सांगितल्याने गेलेली संधी तशीच्या तशी परत मिळणार नाही, पण मुलांच्या हाती चुकीची उत्तरे जाऊ शकली असती त्याचे देणे तुमचे आहे आणि ते फिटायला तुमचाच आवाज लागेल. हे या आठवड्यात करा, शक्यतो एक पानाची चिठ्ठी लिहून, आणि त्या चिठ्ठीत सहकाऱ्याचे नाव कुठेही येऊ देऊ नका.